अठ्ठ्याहत्तर टक्के, पण कशाचे?

वाचकाचे पत्र

मी नंदुरबार जिल्ह्यात बालपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत दस्तऐवजांचे काम पाहते. परदेशी देणगीदाराला इंग्रजीत गेलेल्या जुलै ते डिसेंबरच्या प्रगती अहवालाचा मराठी अनुवाद मला करायचा आहे. तो विश्वस्तांना, अंगणवाडी सेविकांना आणि पाड्यांवरच्या समित्यांना दिला जाणार आहे. संचालक म्हणतात, "शब्दाला शब्द ठेव, पदरचे काही घालू नको." तसे केले की आमच्याच कार्यकर्त्यांना काही कळत नाही, आणि सोपे केले की आपण मजकूर बदलला की काय, अशी भीती वाटते. त्यातच मजकुरात निधीचा विनियोग ७८ टक्के लिहिला आहे, तर तक्त्यात तो ५२ टक्के दिसतो. मी काही लेखापाल नाही. मग हे विचारावे की जसेच्या तसे उतरवून मोकळे व्हावे? शिवाय शेवटचे 'शिकलेले धडे' हे प्रकरण मराठीत वाचले की आम्ही सगळीकडे चुकलोच, असे वाटते. ते थोडे मऊ करावे का?

उत्तर

शब्दशः अनुवाद म्हणजे प्रामाणिक आणि सोपा अनुवाद म्हणजे थोडी का होईना लबाडी, अशी विभागणी तुम्ही मनाशी करून ठेवलेली दिसते, आणि तुमच्या संचालकांनीही तीच केली आहे. प्रगती अहवालापुरते तरी ती टिकत नाही. असा अहवाल म्हणजे दाव्यांची माळ असते: इतक्यांपैकी इतकी मुले बरी झाली, इतक्यांपैकी इतके पैसे खर्च झाले, अमुक अडचण आली म्हणून तमुक बदल केला. इंग्रजीत हे दावे नामांच्या साखळ्यांत बांधलेले असतात आणि त्या साखळीतून 'कशापैकी', 'केव्हा' आणि 'कोणी' या तीन गोष्टी सहज गळून जातात. देणगीदाराच्या अधिकाऱ्याचे त्यामुळे अडत नाही, कारण प्रकल्पाचा मूळ आराखडा आणि निर्देशकांच्या व्याख्या त्याच्या टेबलावर असतात. तुमच्या सेविकेच्या हातात मात्र फक्त अनुवाद असतो. तेव्हा गळालेली गोष्ट त्याच अहवालाच्या परिशिष्टातून किंवा मंजूर प्रस्तावातून उचलून वाक्यात परत आणणे म्हणजे पदरचे घालणे नव्हे. पदरचे घालणे म्हणजे जे संस्थेच्या कोणत्याच कागदात नाही ते लिहिणे. ही रेघ संचालकांना दाखवली, तर त्यांचा आक्षेप बराचसा मिटेल असे मला वाटते.

तुम्ही पाठवलेल्या पानांतील खरे आकडे मी येथे देत नाही. त्याच घडणीचे पण हिशेबाला सोपे आकडे घेतो, म्हणजे इतर वाचकांनाही उपयोग होईल. फक्त ७८ आणि ५२ हे दोन तुमच्या पत्रातलेच ठेवतो.

निर्देशकांच्या तक्त्यात एक ओळ अशी आहे की सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, बालकांचा रिकव्हरी रेट, म्हणजे बरे होण्याचे प्रमाण, ७७.५ टक्के राहिला. तुमच्या कच्च्या मसुद्यात तिचे मराठी असे झाले आहे: "दाखल झालेल्या ४८ तीव्र कमी वजनाच्या बालकांपैकी ७७.५ टक्के बालके बरी झाली." वाक्य सुबक आहे आणि त्यात दोन चुका आहेत. दोन्ही चुका अनुवादात शिरलेल्या आहेत, मूळ अहवालात नाहीत.

पहिली चूक आकडेमोडीनेच उघडी पडते. ४८ च्या ७७.५ टक्के म्हणजे ३७.२ मुले, आणि मुलांची संख्या अपूर्णांकात येत नाही. परिशिष्ट उघडले की उलगडा होतो. सहा महिन्यांत ४८ बालके उपचारात दाखल झाली; त्यांपैकी ४० बालके उपचारातून बाहेर पडली आणि ८ अजून उपचार घेत आहेत. बाहेर पडलेल्या ४० पैकी ३१ बरी झाली, ६ जणांचे उपचार मध्येच सुटले आणि ३ पूर्ण मुदत उपचार घेऊनही बरी झाली नाहीत. रिकव्हरी रेटचा छेद नेहमी बाहेर पडलेल्या बालकांचा असतो, कारण जे मूल अजून उपचारात आहे त्याच्याबद्दल निकाल देता येत नाही. ३१ भागिले ४० म्हणजे बरोबर ७७.५ टक्के. अनुवादात छेद बदलला की खरा आकडा खोटा होतो, आणि पाड्यावर ज्याच्या घरचे मूल अजून औषध घेत आहे, तो माणूस बैठकीत सर्वांत आधी उभा राहून जाब विचारतो. म्हणून वाक्य असे असावे: "या सहामाहीत ४८ सॅम बालकांवर उपचार सुरू झाले. त्यांपैकी ८ बालकांचे उपचार अजून चालू आहेत. उपचार संपलेल्या किंवा सुटलेल्या ४० बालकांपैकी ३१, म्हणजे ७७.५ टक्के, बरी झाली." इंग्रजीतली एक ओळ येथे तीन वाक्ये झाली, त्याला इलाज नाही.

दुसरी चूक शब्दाची आहे आणि ती अधिक खोडकर आहे. 'सॅम'चे 'तीव्र कमी वजनाची' असे मराठी करणे वरवर नैसर्गिक वाटते, पण अंगणवाडीच्या नोंदवहीत ही दोन वेगळी खाती आहेत. 'तीव्र कमी वजन' हे वयाच्या मानाने वजन किती, यावरून ठरते. सॅम हे उंचीच्या मानाने वजन किती किंवा दंडाचा घेर किती, यावरून ठरते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते मूल सॅममध्ये धरतात. एखादे मूल वयाच्या मानाने हलके असूनही सॅम नसते, कारण ते बुटकेही असते. सेविकेने तुमचा अनुवाद हातात घेऊन आपली वही उघडली, तर तिच्या 'तीव्र कमी वजना'च्या रकान्यात ४८ दिसणार नाहीत, आणि संस्था आकडे फुगवते किंवा लपवते असा तिचा समज होईल. तिच्या तोंडी 'सॅम' आणि त्याखालोखालच्या मध्यम कुपोषणासाठी 'मॅम' हेच शब्द आहेत. तेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तेथे अर्थ एका वाक्यात सांगा. शुद्ध मराठी शब्द हवाच, असा आग्रह विश्वस्तांपैकी कोणी धरला, तर त्यांना नोंदवही दाखवा.

त्याच तक्त्यात 'डिफॉल्टर' हा शब्द आहे, आणि येथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका अहवालात मी त्याचे 'थकबाकीदार' करून बसलो होतो. बँकेच्या नोटिसांतून तो शब्द डोक्यात बसला होता. बैठकीत वाचन चालू असताना एक बाप शांतपणे म्हणाला, "आम्ही कर्ज कधी घेतले?" तेव्हापासून मी 'उपचार मध्येच सुटलेली बालके' असे लिहितो, आणि 'सोडलेली' असे मुद्दाम लिहीत नाही, कारण 'सोडले' म्हटले की दोष आईबापांवर जातो आणि कारण शोधायच्या आधीच निकाल लागतो. मात्र तुमच्या संस्थेने ही संज्ञा कशी ठरवली आहे ते आराखड्यातून पाहून लिहा. सलग दोन भेटींना मूल आले नाही की त्याला या गटात धरायचे, अशी व्याख्या सर्रास आढळते. तुमच्याकडे तीच असेल असे गृहीत धरू नका.

मजकुरात पुढे असे म्हटले आहे की हे प्रमाण स्फिअरच्या मानकांशी सुसंगत आहे. मदतकार्यासाठीच्या स्फिअर मानकांत बरे होण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांपेक्षा जास्त, उपचार सुटण्याचे १५ टक्क्यांपेक्षा कमी आणि मृत्यूचे १० टक्क्यांपेक्षा कमी असावे, असे आहे. आता ४० पैकी ६ म्हणजे नेमके १५ टक्के. '१५ टक्क्यांपेक्षा कमी' या अटीत ते बसत नाही. तुम्ही मात्र '१५ टक्क्यांच्या आत' असे लिहिले आहे, आणि मराठीत 'आत' म्हटले की पंधराही त्यात धरले जातात. एका सैल शब्दाने चुकलेली अट पाळलेली होते. येथे 'पेक्षा कमी' असे काटेकोर ठेवा आणि मूळ वाक्यातला दावा एकदा तपासून घ्या, असे संचालकांना लिहून कळवा.

दुसरा निर्देशक आहाराच्या वैविध्याचा आहे, आणि त्यात एक सापळा आहे ज्यात वर्तमानपत्रेही रोज पडतात. अहवाल म्हणतो की आहार-वैविध्यात ४५ टक्के सुधारणा झाली. तक्त्यात सुरुवातीच्या पाहणीत २०० पैकी ४० बालके, म्हणजे २० टक्के, आणि आताच्या पाहणीत २०० पैकी ५८, म्हणजे २९ टक्के, असे आहे. वीसच्या मानाने नऊ म्हणजे ४५ टक्के, हे गणित बरोबर आहे. पण मराठीत "४५ टक्क्यांनी सुधारणा झाली" असे वाचले की कोणीही वीसमध्ये पंचेचाळीस मिळवतो आणि आता पासष्ट टक्के मुले नीट जेवतात असे समजून घरी जातो. मूळच्या मानाने झालेली वाढ आणि दोन टक्केवारींतला नुसता फरक, या दोन गोष्टींना इंग्रजीत दोन संज्ञा आहेत. मराठीत दुसरीसाठी 'टक्केबिंदू' असा शब्द वापरून पाहण्यास हरकत नाही, पण पाड्यावरच्या समितीसमोर तो चालणार नाही. माझा उपाय साधा आहे: वाढीचा आकडा दुय्यम ठेवा आणि दोन स्थिती शेजारी मांडा. "सुरुवातीला दर शंभरातली २० बालके या निकषात बसत होती, आता २९ बसतात." मूळ अहवालात ४५ आहे म्हणून तो गाळू नका, पुढच्या वाक्यात "म्हणजे सुरुवातीच्या संख्येच्या मानाने ४५ टक्के वाढ" असे लिहा.

हा निकष म्हणजे काय, हेही सांगावे लागेल, कारण 'वैविध्यपूर्ण आहार घेणारी बालके' या मराठीतून काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या व्याख्येप्रमाणे हे मोजमाप ६ ते २३ महिन्यांच्या बालकांचे असते, आणि पाहणीच्या आदल्या दिवशी आठपैकी किमान पाच अन्नगटांतले काहीतरी बालकाच्या पोटात गेले का, एवढेच त्यात विचारतात. आईचे दूध हाही त्यातला एक गट आहे. आदल्या दिवशी अंगावरचे दूध, ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि अंडे मिळाले असेल, तर ते मूल निकषात बसले. यात 'आदल्या दिवशी' हे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि अनुवादात तेच पहिले गळतात. ते गळले की एका दिवसाची नोंद रोजच्या सवयीचा दाखला होऊन बसते. पाहणी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी झाली की आठवड्याच्या मध्यावर, हा प्रश्न सेविका लगेच विचारेल, आणि तो रास्त आहे.

संज्ञांबद्दल आणखी थोडेच सांगतो. 'आउटकम'साठी शिक्षण विभागाच्या 'अध्ययन निष्पत्ती'मुळे 'निष्पत्ती' हा शब्द रुळला आहे, तो विश्वस्तांच्या प्रतीत चालेल. पण 'आउटपुट' आणि 'आउटकम' शेजारी आले की 'फलित', 'निष्पत्ती', 'परिणाम' यांचा गोंधळ उडतो. मी 'केलेले काम' आणि 'घडलेला बदल' असे रकाने करतो. बारा पाककृती शिबिरे हे केलेले काम. आदल्या दिवशी पाच गटांतले अन्न मिळालेल्या बालकांची वाढ हा घडलेला बदल. आणि 'टार्गेट' व 'ऑब्जेक्टिव्ह' या दोहोंना 'उद्दिष्ट' म्हणू नका. आकड्यातले ते 'लक्ष्य' आणि वाक्यातले ते 'उद्दिष्ट', असे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळा.

आता ७८ आणि ५२. तुम्ही लेखापाल नाही हे खरे, पण त्या अहवालाचे प्रत्येक वाक्य सावकाश वाचणारी तुम्ही बहुधा पहिली व्यक्ती आहात. लिहिणाऱ्याने घाईत लिहिले, संचालकांनी चाळले, देणगीदाराच्या अधिकाऱ्याने आपले रकाने पाहिले. विसंगती अनुवादकालाच सापडते, कारण त्याला वाक्याच्या आत शिरावे लागते. तेव्हा विचारायचेच; प्रश्न फक्त कसे विचारायचे हा आहे. "हे चुकले आहे का?" असे विचारू नका, "यातले प्रत्येकी कशाचे टक्के आहेत?" असे विचारा. बऱ्याच वेळा दोन्ही आकडे खरे निघतात.

समजा, वर्षाचे मंजूर अंदाजपत्रक १८ लाख रुपये आहे, त्यापैकी पहिल्या हप्त्याचे १२ लाख मिळाले आहेत आणि डिसेंबरअखेर ९ लाख ३६ हजार खर्च झाले आहेत. मिळालेल्या रकमेच्या मानाने खर्च ७८ टक्के होतो आणि मंजूर रकमेच्या मानाने ५२ टक्के. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला छेद घेतला, तक्ता करणाऱ्याने दुसरा. लेखापालाने हेच सांगितले, तर मराठीत दोन्ही वाक्ये छेदासह लिहा: "मिळालेल्या १२ लाखांपैकी ९ लाख ३६ हजार रुपये, म्हणजे ७८ टक्के, खर्च झाले. वर्षासाठी मंजूर झालेल्या १८ लाखांच्या मानाने हा खर्च ५२ टक्के आहे." दोन आकड्यांपैकी एक खरोखरच चुकीचा निघाला, तर तो फक्त मराठीत गुपचूप दुरुस्त करू नका. मग एकाच अहवालाच्या दोन भाषांत दोन हिशेब होतील, आणि संस्थेला त्याचे उत्तर देणे अवघड जाईल. आधी इंग्रजी प्रतीची दुरुस्ती देणगीदाराला कळवली जाऊ द्या, मग मराठी छापा.

याच प्रकरणातला आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. मिळालेल्या रकमेतून खर्च वजा जाता २ लाख ६४ हजार उरतात. मराठीत 'अखर्चित शिल्लक २ लाख ६४ हजार' एवढेच लिहिले की समिती विचारणार, पैसे होते तर आमच्या पाड्यावर शिबिर का झाले नाही? परिशिष्टात खाली बारीक अक्षरांत असते की त्यापैकी ८४ हजारांचे वजनकाटे आणि उंची मोजण्याचे फलक मागवलेले आहेत, माल आला आहे, पण बिल जानेवारीत द्यायचे आहे. म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळी शिल्लक १ लाख ८० हजारांची आहे. हे वाक्य तळटिपेतून वर उचलून मजकुरात आणा. अहवालातच आहे, तुम्ही घालत नाही.

'व्हेरिअन्स'ला कोशात 'तफावत' मिळेल. तो शब्द टाळा. मराठीत 'हिशेबात तफावत आढळली' हे वाक्य आपण घोटाळ्याच्या बातम्यांत वाचतो. येथे नियोजित आणि प्रत्यक्ष खर्चातला 'फरक' एवढेच म्हणायचे आहे. तसेच एका शीर्षातली रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली खर्च करण्यास मान्यता घेतली असेल, तर 'निधी वळवला' असे लिहू नका. "देणगीदाराच्या लेखी मान्यतेने प्रवासाच्या शीर्षातील ४० हजार रुपये प्रशिक्षणाच्या शीर्षात घेतले" असे लिहा. कोणी, कोणाच्या मान्यतेने आणि कोठून कोठे, एवढे आले की संशयाला जागा उरत नाही.

मनुष्यबळावरचा खर्च मात्र सावधपणे हाताळा. तुमच्या मसुद्यात 'पर्सोनेल कॉस्ट' या शीर्षाचे 'प्रशासकीय खर्च' झाले आहे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांसाठी ही साधी शब्दनिवड नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय अंशदान कायद्याखाली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि नियमांत प्रशासकीय खर्च म्हणजे काय ते वेगळे ठरवलेले आहे. कल्याणकारी कामासाठी थेट होणारा खर्च, उदाहरणार्थ रुग्णालयातल्या डॉक्टरांचे किंवा शाळेतल्या शिक्षकांचे पगार, त्यात धरत नाहीत. पाड्यांवर फिरून दंडघेर मोजणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन तुमच्या संस्थेने कोणत्या गटात धरले आहे, हे लेखापाल सांगेल. तोवर 'कर्मचाऱ्यांचे वेतन व मानधन' असा तटस्थ शब्द ठेवा. नाहीतर तुमच्या मराठी प्रतीप्रमाणे अर्धी देणगी कार्यालयावरच गेली, असे चित्र उभे राहील, आणि ते कागदावर तुमच्या संस्थेच्या नावाने राहील.

आता 'शिकलेले धडे'. हे शीर्षकच मराठीत अंगावर येते, कारण आपल्याकडे धडा शिकवला जातो तो चूक केलेल्याला. 'अनुभवातून काय कळले' असे शीर्षक घ्या. अर्थ बदलत नाही आणि छडी खाली ठेवली जाते. तुम्ही ज्याला मऊ करणे म्हणता त्यातले एवढे मला मान्य आहे. आतला मजकूर मात्र मऊ करू नका. खरे तर तो आधीच इतका मऊ आहे की हाताला काही लागत नाही.

तुमचा मसुदा म्हणतो: "तिसऱ्या तिमाहीत उपचार सुटण्याच्या प्रमाणात वाढ दिसून आली असून लोकसहभाग अधिक बळकट करण्याची गरज अधोरेखित झाली आहे." वाढ कोणाला दिसली? गरज कोणी अधोरेखित केली? बळकट कोण करणार? इंग्रजीत अशी कर्त्यावाचूनची वाक्ये अहवालाच्या शिष्टाचारात खपून जातात. मराठीत ती मंत्रालयाच्या परिपत्रकासारखी वाटतात, आणि ज्याने काम केले त्यालाही ती आपल्याबद्दल आहेत असे वाटत नाही.

पण येथे आधी 'तिसरी तिमाही' सोडवली पाहिजे. देणगीदार परदेशी आहे. त्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत असेल, तर तिसरी तिमाही म्हणजे जुलै ते सप्टेंबर. आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे तिसरी तिमाही म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. तुमच्या अहवालाच्या सहामाहीत दोन्ही बसतात, त्यामुळे चूक सहजी पकडली जाणार नाही. आणि कारण पूर्ण बदलते. जुलै ते सप्टेंबर असेल, तर ओढ्यानाल्यांना पाणी, बंद पडलेल्या वाटा आणि आईबाप दिवसभर शेतात, ही कारणे. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल, तर दिवाळीनंतरचे स्थलांतर, ऊसतोडीला किंवा कामाच्या शोधात गुजरातकडे गेलेली कुटुंबे. पहिल्या बाबतीत उपाय कार्यकर्तीने पाड्यावर मुक्काम करण्याचा असू शकतो, दुसऱ्या बाबतीत मूल जाण्याआधी त्याच्या हाती उपचाराचे कार्ड देण्याचा आणि कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीला कळवण्याचा. लोकसहभाग बळकट करून यांतले काहीच होत नाही. म्हणून तिमाही कधीही क्रमांकाने लिहू नका, महिन्यांनी लिहा.

समजा, विचारल्यावर कळले की ती ऑक्टोबर ते डिसेंबरच आहे. मग क्षेत्र समन्वयकाकडे त्या सहा मुलांच्या नोंदी मागा. त्यांत जर असे निघाले की सहाही जणांचे उपचार याच काळात सुटले, चार कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली आणि दोन मुलांच्या नोंदीत कारणच लिहिलेले नाही, तर मराठी वाक्य असे होऊ शकते: "ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ६ बालकांचे उपचार मध्येच सुटले. त्यांपैकी ४ कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतरित झाली; २ बालकांबाबत आम्ही कारण नोंदवलेले नाही. कुटुंब गावाबाहेर जाण्याआधी त्याची नोंद घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती." शेवटच्या वाक्यातला 'आमच्याकडे' हा शब्द संचालकांना टोचेल. पण बैठकीला बसलेल्या कुटुंबांपैकी कोणाचे तरी मूल त्या सहांत आहे, आणि कर्ता गाळला तर ते कुटुंब स्वतःलाच कर्ता समजेल.

येथे मात्र तुम्ही अहवालाच्या पलीकडे जात आहात, हे ध्यानात घ्या. छेद आणि तळटिपा अहवालात होत्या. चार कुटुंबांची ही माहिती नोंदवहीत होती, अहवालात नव्हती. ती स्वतःच्या अधिकाराने घालू नका. समन्वयकाकडून लेखी घ्या, संचालकांची संमती घ्या, आणि मराठी प्रतीत त्या ठिकाणी "ही माहिती मूळ इंग्रजी अहवालात नाही, क्षेत्र नोंदींवरून जोडली आहे" अशी एक ओळ टाका. संचालकांनी नकार दिला, तर मूळ वाक्याचा अनुवाद मोघमच राहू द्या. फक्त तिमाहीचे महिने लिहा. मोघम वाक्याला तुम्ही स्वतःच्या अंदाजाने नेमके करणे हे त्याहून वाईट. एवढ्या छोट्या संख्येत कोणते मूल कोणाचे, हे पाड्यावर सगळ्यांना ओळखू येते, हेही लक्षात ठेवा. समितीच्या प्रतीत गावनिहाय तक्ता असेल, तर एक-दोन बालकांचे रकाने एकत्र करण्याची सूचना जरूर करा.

कामाची रीत विचाराल, तर अनुवाद सुरू करण्याआधी अहवालातल्या प्रत्येक टक्केवारीसमोर तिचा अंश आणि छेद पेन्सिलीने लिहून काढा. वीस पानांच्या अहवालाला अर्धा दिवस पुरतो. जेथे छेद सापडत नाही तो तुमचा प्रश्न. असे सगळे प्रश्न एका कागदावर लिहून लेखापाल, समन्वयक आणि संचालक यांना एकदमच द्या, रोज एकेक विचारून कोणाला त्रास देऊ नका. उत्तरे त्याच कागदावर घ्या आणि तो जपून ठेवा. पुढच्या सहामाहीला तुमच्या जागी दुसरे कोणी असेल, तर 'व्हेरिअन्स'ला 'फरक' का म्हटले आणि 'सॅम' तसाच का ठेवला, हे त्याला तेथे सापडेल.

आणि छापण्याआधी निर्देशकांचे पान दोन अंगणवाडी सेविकांना मोठ्याने वाचून दाखवा, समजले का असे न विचारता, "यात किती मुले अजून उपचारात आहेत?" एवढेच विचारा. त्यांनी 'आठ' म्हटले तर छेद पोहोचला. पाड्यावरच्या समितीत बोलणे भिलीत किंवा पावरीत होणार, तुमच्या मराठीवरून कोणीतरी ते तोंडी सांगणार. तो सांगणारा माणूस कोण आहे ते आधी विचारून घ्या आणि त्यालाही या वाचनाला बसवा.